रेंज गेली की नंबर गेला?

श्रोतेहो, आमच्या अंबरनाथ पूर्वेला मोबाईलची रेंज जाणे ही काही बातमी नव्हे. रेंज गेली की आपण फोन उशाशी ठेवतो आणि म्हणतो, येईल थोड्या वेळाने. बहुतेक वेळा ती येतेही. आज बोलायचे आहे ते ती येत नाही त्या वेळेविषयी.

मुंबईत माहीमला राहणाऱ्या एका कापड व्यावसायिकाच्या फोनवर डिसेंबर २०१८ च्या अखेरीस एका रात्री सहा मिस्ड कॉल आले. सकाळी त्यांनी उलट फोन लावला, तर तो लागेना. त्यांचे सिमच बंद पडले होते. चौकशी केल्यावर कळले, की त्यांच्याच नावाने विनंती गेली होती आणि नवे सिम सुरू झाले होते. तोवर खात्यातून २८ व्यवहारांत १ कोटी ८६ लाख रुपये निघाले होते. बँकेला त्यातले सुमारे २० लाखच वाचवता आले.

हे होते कसे? आपला नंबर हातातल्या यंत्रात नसतो. तो असतो कंपनीच्या नोंदवहीत. अमुक नंबर अमुक सिमकार्डाचा, एवढीच ती नोंद. फोन हरवला की कंपनी ही नोंद नव्या कार्डाच्या नावे करते. सोय आपल्यासाठीच आहे, चोर तिचाच फायदा घेतो. खोट्या लिंकवरून किंवा गोड बोलून त्याने नेटबँकिंगचा पासवर्ड आधीच काढलेला असतो. अडते ते ओटीपीपाशी. मग तो बनावट कागद दाखवून दुसरे सिम काढतो, नाहीतर ते काम आपल्याकडूनच करून घेतो. ‘कंपनीतून बोलतोय, तुमचे सिम अपग्रेड करायचे आहे, हा वीस आकडी क्रमांक मेसेज करा आणि एक दाबा.’ तो क्रमांक त्याच्या हातातल्या कोऱ्या सिमचा असतो. आपण एक दाबला, की आपले कार्ड मेले आणि त्याचे जिवंत झाले. हल्ली ई-सिमच्या नावाने लिंक पाठवूनही हेच होते. सिमला पिनचे कुलूप घातले असेल तरी इथे उपयोग नाही, कारण ते कुलूप जुन्या कार्डाला असते.

मग ओळखायचे कसे? घरात किंवा शेजारी त्याच कंपनीचा दुसरा फोन असेल, तर त्याला रेंज आहे का पाहा. असेल, तर आपला फोन एकदा बंद करून सुरू करा. तरी रेंज नसेल, तर त्या दुसऱ्या फोनवरून आपला नंबर लावा. तिकडे रिंग ऐकू येते आणि आपल्या हातातला फोन गप्प आहे, तर आपला नंबर दुसऱ्या कोणाच्या तरी खिशात वाजतो आहे. रिंग आली नाही म्हणून मात्र निश्चिंत होऊ नका. चोर फोन बंदही ठेवू शकतो. शेजाऱ्याला रेंज आणि आपल्याला नाही, एवढे कारण कंपनीला विचारायला पुरेसे आहे.

आता क्रम लक्षात ठेवा. दुसऱ्याच्या फोनवरून आधी बँकेला सांगून नेटबँकिंग, कार्ड आणि यूपीआय बंद करा. मग मोबाईल कंपनीला सांगून तो नंबर थांबवा. पैसे गेले असतील, तर लगेच १९३० वर तक्रार नोंदवा आणि तिचा क्रमांक लिहून ठेवा. पैसा एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पळत असतो, म्हणून पोलीस ठाण्यात जाण्याआधी हे फोन करा. बँकेचा नंबर मोबाईलमध्येच ठेवू नका, पासबुकावर लिहा.

दूरसंचार विभागाने २०२२ मध्ये कंपन्यांना सांगितले, की सिम बदलल्यावर पहिले चोवीस तास त्यावर एसएमएस चालू नयेत आणि बदलाची विनंती आली की ग्राहकाला कळवावे. म्हणजे आपल्याला एक दिवस मिळतो, पण लक्ष असेल तरच. ‘सिम बदलण्याची विनंती आली आहे’ असा मेसेज आला आणि विनंती आपली नसेल, तर उद्यावर ढकलू नका. मेसेजमधल्या लिंकवरही जाऊ नका. कंपनीच्या नेहमीच्या क्रमांकावर स्वतः फोन करा. रात्री सारखे मिस्ड कॉल आले, तरी वैतागून फोन बंद करून झोपू नका. रेंज गेल्याचे कळणारच नाही.

आणखी दोन कामे सवडीने करा. बँकेत ईमेल नोंदवा, म्हणजे व्यवहाराची खबर दुसऱ्या वाटेनेही येईल. पण त्या ईमेलचा पासवर्ड केवळ त्याच मोबाईलवरून बदलता येईल असा ठेवू नका. आणि नेटबँकिंगने दिवसाला किती रक्कम पाठवता येईल, ती मर्यादा गरजेपुरतीच ठेवा. ज्याला महिन्याला दहा हजारच पाठवायचे आहेत, त्याने लाखांचे दार उघडे कशाला ठेवावे?

(आकाशवाणीवरील भाषण, संपादित)