एकाच पायाची पोटरी सुजली तर



वेचणीच्या दिवसांत पाय कुणाचे दुखत नाहीत? पण कष्टाचं दुखणं दोन्ही पायांत असतं आणि रात्रभर पाठ टेकली की हलकं होतं. घरातली बाई माला-एन, माला-डीसारख्या पाळणा लांबवायच्या गोळ्या घेत असेल, तर दुसरं एक दुखणं ओळखता आलं पाहिजे.

या गोळ्यांतल्या इस्ट्रोजेनमुळे रक्त गोठण्याचा कल थोडा वाढतो. क्वचित पायाच्या आतल्या शिरेत गुठळी धरते. पाटात गाळ अडकला की पाणी मागे तुंबतं, तसा पाय फुगतो. गुठळीचा तुकडा सुटून फुप्फुसात गेला तर जिवावर बेततं.

समजा, 28 वर्षांची बाई आहे. गोळ्या सुरू करून दोन महिने झालेत. सोमवारी डाव्या पोटरीत गोळा आल्यासारखं दुखलं. मंगळवारी तोच पाय गरम लागतो, त्याच पायातलं पैंजण रुततं, उजव्यातलं सैल आहे. सासू तेल घेऊन चोळायला बसते. इथंच थांबायचं. चोळल्यानं गुठळी सुटू शकते. गुडघ्याखाली हाडाचा उंचवटा असतो, त्याच्या 10 सेंटिमीटर खाली शिंप्याच्या टेपनं दोन्ही पोटऱ्या मोजा. डावी 36 आणि उजवी 32 भरली, म्हणजे फरक 4 सेंटिमीटरचा. 3 च्या वर फरक असला तर संशय दाट. पण फरक कमी भरला म्हणून निर्धास्त राहू नका. एकाच पायाचं दुखणं-सूज दिसली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. पायाची डॉपलर सोनोग्राफी होते तिथं जा.

डॉक्टरला पहिलं वाक्य हे सांगा: "मी पाळणा लांबवायच्या गोळ्या घेते." लाजेपोटी हे राहून जातं आणि मुका मार म्हणून मलम मिळतं. गोळ्यांचं पाकीट सोबत न्या. पुढची गोळी घेऊ नका, तोवर निरोध वापरा. गुठळी निघाली तर रक्त पातळ ठेवणारं औषध निदान तीन महिने चालतं.

एकाएकी दम लागला, खोल श्वास घेताना छातीत कळ आली, थुंकीत रक्त दिसलं किंवा भोवळ आली, तर पाय सुजलेला नसला तरी सकाळची वाट पाहू नका. 108 ला फोन करा.

आता प्रमाण ऐका. गोळ्या न घेणाऱ्या 10,000 बायकांत वर्षाला दोघींना अशी गुठळी होते, या गोळ्या घेणाऱ्यांत पाच ते सात जणींना. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर धोका याहून जास्त असतो. म्हणून घाबरून गोळ्या फेकू नका. मात्र पहिल्या काही महिन्यांत धोका सर्वांत जास्त, आणि महिनाभर खंड पाडून पुन्हा सुरू केल्या की तो पुन्हा वाढतो. मनाला येईल तसं बंद-चालू करू नका. आधी कधी गुठळी झाली असेल, तर या गोळ्या घ्यायच्याच नाहीत, तांबीबद्दल विचारा.