राउटर दर चार दिवसांनी का अडकतो?

ज्यांच्या घरी वायफायचा डबा, म्हणजे राउटर आहे, त्यांना हा अनुभव असेलच. तीन-चार दिवस नेट नीट चालतं आणि मग अचानक थांबतं. मोबाइलवर वायफायची खूण दिसते, पण काहीच उघडत नाही. मग कोणीतरी उठून बटण बंद करतं, पुन्हा सुरू करतं आणि नेट येतं. चार दिवसांनी पुन्हा तेच.

बटण बंद-चालू केलं की काम भागतं, पण दोष कशाचा होता याची खूणही त्यासोबत पुसली जाते. म्हणून पुढच्या वेळी बटणाला हात लावण्याआधी अर्धा मिनिट थांबा आणि डब्यावरचे दिवे पाहा.

फायबरच्या डब्यावर एल ओ एस असं लिहिलेला एक दिवा असतो. तो लाल झाला असेल तर बहुधा बाहेरून येणारी तार तुटली आहे किंवा सैल झाली आहे. तिथे कंपनीलाच फोन करायचा. तो दिवा लाल नाही, बाकीचे दिवे लागलेले आहेत, पण एरवी लुकलुकणारा दिवा एका जागी थिजला आहे, तर डबा अडकला आहे. आणि सगळे दिवे विझून एकेक करत पुन्हा लागत असतील, तर डबा आपला आपण बंद होऊन सुरू झाला. असं झालं की पहिला संशय विजेवर घ्यावा.

डबा अडकण्याची घरगुती कारणं बहुतेक दोन. एक उष्णता, दुसरं त्याचा अ‍ॅडॉप्टर, ज्याला आपण चार्जर म्हणतो. दोन्हींचा त्रास वरवर सारखाच दिसतो, म्हणून लोक अंदाजाने नवा डबा घेतात आणि जुना चार्जर त्यालाच लावतात.

आता एक उदाहरण ऐका. एकोडीतल्या एक ताई घरी ऑनलाइन अर्ज भरून देतात. शिष्यवृत्तीचा अर्ज अर्धा भरला आणि नेट थांबलं की सगळं पुन्हा पहिल्यापासून. मे महिना होता, डबा टिनाच्या छताखाली कपाटावर ठेवलेला. सगळे म्हणाले, गरमीच आहे. ताईंनी मात्र एका वहीत चार गोष्टी लिहायला सुरुवात केली: किती वाजता अडकला, दिवे कसे होते, डब्याला हात लावल्यावर किती गरम लागला आणि त्या वेळी घरात कोण काय करत होतं.

पंधरा दिवसांत चार नोंदी झाल्या. पहिली सकाळी साडेसातची, दुसरी रात्री आठची, तिसरी पुन्हा रात्रीची, चौथी सकाळची. भर दुपारची एकही नाही. चारही वेळा घरात तीन-चार मोबाइल लागलेले होते आणि कोणीतरी व्हिडिओ पाहत होतं. दोनदा तर दिवे विझून पुन्हा लागले होते.

गरमीचा दोष असता तर वही वेगळी दिसली असती. घरगुती राउटर बहुधा ४० अंशांपर्यंतच्या हवेत चालण्यासाठी बनवलेले असतात. आपल्याकडे मे महिन्यात बाहेरच पारा ४५ च्या आसपास जातो, मग टिनाखालच्या कपाटावर काय होत असेल! असा डबा दुपारी दोन ते पाचच्या दरम्यान जास्त अडकतो. बंद करून लगेच सुरू केला तर थोड्याच वेळात पुन्हा अडकतो, आणि अर्धा तास गार होऊ दिला तर बराच वेळ चालतो.

तरीही ताईंनी गरमीची परीक्षा घेतली. डबा कपाटावरून खाली आणला, सेट-टॉप बॉक्सपासून दूर, भिंतीला उभा ठेवला आणि समोर टेबल फॅन लावला. बाकी काही बदललं नाही. बारा दिवसांत तो तीनदा अडकला. म्हणजे इथे गरमी मुख्य कारण नव्हती.

मग त्यांनी डबा उलटा करून मागचं लेबल वाचलं. त्यावर १२ व्होल्ट, १.५ अँपिअर लिहिलं होतं. चार्जरच्या लेबलवर आउटपुट या शब्दापुढे १२ व्होल्ट, १ अँपिअर. मूळचा चार्जर जळाल्यावर कोणीतरी दुसऱ्या वस्तूचा लावला होता. पिन बसली, दिवे लागले, म्हणून कोणाला शंका आली नाही. थोडं काम असताना एक अँपिअर पुरतो. घरातले सगळे एकदम नेटवर आले की डबा जास्त वीज मागतो, चार्जर तेवढी देऊ शकत नाही, व्होल्ट क्षणभर खाली येतात आणि डबा गोंधळतो.

आकडे जुळत असूनही चार्जर कमजोर झालेला असू शकतो. त्याच्या आत विजेचा साठा सांभाळणारा एक भाग असतो, कपॅसिटर. उष्णतेत राहून काही वर्षांत तो सुकत जातो. मग शेतातला पंप सुरू झाला आणि बल्ब क्षणभर मंद झाला, तरी डबा बंद पडतो. चांगला चार्जर असे झटके सहज पचवतो. चार्जर फार चटका देत असेल, बारीक किणकिण आवाज करत असेल किंवा त्याचं प्लास्टिक पिवळं पडून फुगलं असेल, तर तो बदलाच. नुसत्या चार्जरला मीटर लावून तपासण्यावर विसंबू नका. भार नसताना कमजोर चार्जरही पूर्ण १२ व्होल्ट दाखवतो.

नवा घेताना तीन गोष्टी पाहा. व्होल्ट अगदी तेवढेच हवेत. अँपिअर तेवढेच किंवा जास्त चालतात, कारण डबा लागेल तेवढीच वीज घेतो. आणि पिन नीट घट्ट बसायला हवी, लेबलवरची अधिक-उण्याची खूणही तीच हवी. डबा कंपनीने दिलेला असेल तर आधी त्यांच्याकडेच चार्जर मागा.

ताईंनी १२ व्होल्ट, २ अँपिअरचा चार्जर लावला आणि लगेच आनंद मानला नाही. हा मुद्दा लक्षात ठेवा. डबा चार दिवसांनी अडकत असेल, तर दोन दिवस नीट चालला यावरून काहीच कळत नाही. नेहमीच्या अंतराच्या निदान तिप्पट दिवस थांबा आणि त्या काळात एकच गोष्ट बदला. पंखाही लावला आणि चार्जरही बदलला, तर गुण कशाने आला ते कळणार नाही. ताईंनी त्यासाठीच आधी पंखा काढून घेतला. मग बारा दिवस गेले, वीस दिवस गेले, वहीत नवी नोंद झाली नाही.

काही गोष्टी मात्र करू नका. डब्यावर ओलं फडकं ठेवू नका, कूलरच्या दमट झोतात तो ठेवू नका, चार्जर उघडू नका. डब्याच्या मागच्या बारीक छिद्रात पिन खुपसू नका. ते रीसेटचं बटण असतं. ते दाबून धरलं की कंपनीने भरलेली माहिती पुसली जाऊ शकते आणि मग त्यांचा माणूस येईपर्यंत नेट बंद राहतं.

आणि डबा गार आहे, चार्जर योग्य आहे, तरीही तो अडकतच राहिला, तर दोष बहुधा डब्याच्या आत आहे. तो घरी सुधारत नाही. तेव्हा तक्रार करताना नुसतं नेट जातं असं सांगू नका. वहीतल्या तारखा, वेळा आणि दिव्यांची स्थिती वाचून दाखवा. फॅन लावून पाहिला, चार्जर बदलून पाहिला, हेही सांगा. मग बटण बंद करून पाहा, एवढं सांगून त्यांना फोन ठेवता येणार नाही.