रंगाचा थर आणि पंखाचा तोल



आपल्या जुन्या भंडारा जिल्ह्यातल्या, आता गोंदियात गेलेल्या बिरसीला आज पोरं विमान चालवायला शिकतात. मी विमानांच्या देखभालीत नोकरी केली, म्हणून तिथली एकच गोष्ट सांगतो.

पंखाच्या मागच्या कडेला बिजागरीवर हलणारी एक फळी असते, एलेरॉन. तिचं वजन बिजागरीच्या मागे जास्त झालं, तर पंख झटक्यानं वर गेला की ती मागे रेंगाळते, खाली झुकते. त्यानं उचल वाढते आणि पंख आणखी वर ढकलला जातो. खाली येताना उलट. ठरावीक वेगापुढे वाराच प्रत्येक झोक्याला बळ देतो आणि काही सेकंदांत पंख तुटू शकतो. याला फ्लटर म्हणतात. पंख ताठ असला, तर तो वेग वर सरकतो. बिजागरी सैल असली, तर खाली येतो.

१९२०च्या दशकात फॉन बाउमहाउअर आणि कोनिंग या डच संशोधकांनी उपाय दाखवला: बिजागरीच्या पुढे वजन लावा. म्हणूनच नवा रंग दिला की आम्ही फळी पुन्हा तोलतो. समजा, बिजागरीमागे २५ सेंटिमीटरवर २०० ग्रॅम रंग वाढला. तर पुढे १० सेंटिमीटरवर ५०० ग्रॅम शिसं हवं. तोल जुळल्याशिवाय विमान धावपट्टीवर जात नाही.