संकलनाआधीचे दोन आकडे



समजा, तुम्ही आजीच्या ओव्या घरातच ध्वनिमुद्रित केल्यात. जातं नाही, नुसता गळा. पण डोक्यावर पंखा चालू. फाइल संगणकावर उघडली की पहिला मोह होतो तो आवाज वाढवण्याचा. जरा थांबा, आधी मोजून घ्या.

दोन ओव्यांच्या मधली, आजी गप्प असलेली चार-पाच सेकंदं निवडा. तिथे फक्त पंख्याची घरघर आहे. ऑडॅसिटीच्या `Analyze` मेनूतल्या `Contrast` या सोयीने तिची सरासरी पातळी कळते. ती उणे 52 डेसिबल आली, असं धरू. मग गाण्याचा तुकडा निवडून तसाच मोजा. तो आला उणे 30. या दोहोंमधलं 22 डेसिबलचं अंतर म्हणजेच सिग्नल-टू-नॉइज रेशो, आवाज आणि घरघर यांच्यातली तफावत.

दुसरा आकडा पीकचा, म्हणजे लहरीच्या सर्वांत उंच टोकाचा. डिजिटलमध्ये शून्याच्या वर जागाच नसते. तिथे पोचलेल्या लहरींचे माथे सपाट कापले जातात आणि सूर फाटतो. आपला पीक आहे उणे 14. म्हणजे अकरा डेसिबल वाढवून तो उणे 3 वर आणता येईल. पण गाणं उणे 19 वर आलं की घरघरही उणे 41 वर येते. अंतर मात्र 22च!

एकट्या पीकवर मात्र विसंबू नका. खोकल्याची एक उबळ पीक शून्याजवळ नेऊ शकते आणि गाणं खालीच राहतं. उलट, फाटलेली फाइल कुणी नंतर हळू केली असेल तर पीक निर्धोक दिसतो; लहर मोठी करून पाहिली की सपाट माथे तसेच असतात.

मोबाइलवर केलेल्या मुद्रणात आणखी एक चकवा असतो. काही अ‍ॅप गोंगाट आपणच दाबतात. ओव्यांच्या मधली जागा उणे 80 दाखवते, अंतर झकास येतं, पण आजी गाऊ लागली की पंखा तिच्या आवाजामागून परत येतो. म्हणून शब्द संपतो ती जागा हेडफोन लावून ऐका. घरघर एकदम तुटली, तर तो आकडा धरू नये.

आपल्या 22 डेसिबलवर, माझ्या मते, संकलनाला बसू नये. गोंगाट काढणारी सोय वापरली तर ओवीच्या शेवटचा लांबवलेला स्वरही खरवडला जातो. त्यापेक्षा आजी अजून समोर आहे तोवर माइक निम्म्या अंतरावर आणा. तिचा आवाज सुमारे सहा डेसिबलने वाढेल, पीक उणे 8 च्या आसपास जाईल, म्हणजे फाटण्याची भीती नाही. आणि पंखा? उकडलं तरी ओवी संपेपर्यंत तो बंदच ठेवा.