आलेली नोकरी नाकारताना



गेल्या महिन्यात एका बुधवारी रात्री साडेनऊला आमच्या अल खोरच्या घराची बेल वाजली. दारात आमच्याच बिल्डिंगमधला, सांगलीकडचा एक मुलगा. वय सत्तावीस-अठ्ठावीस, सॉफ्टवेअरमधला. चेहरा असा, की बायकोने आधी पाणी आणि मग चहाच ठेवला. म्हणाला, "दादा, दोन ऑफर आल्यात." मी म्हटलं, मग पेढे कुठेत? तर म्हणे, "अडचण झालीय."

अडचण अशी. मंगळवारी त्याने दोह्यातल्या एका कंपनीचं ऑफर लेटर सही करून परत पाठवलं होतं. आणि बुधवारी दुपारी रास लफानमध्ये काम करणाऱ्या एका कंत्राटदार कंपनीचं लेटर आलं. काम प्लांटमधल्या यंत्रांचे आकडे गोळा करून साठवणाऱ्या सॉफ्टवेअरचं, म्हणजे त्याच्या आवडीचं. पगारही दीड हजार रियाल जास्त. उत्तराला सात दिवसांची मुदत. त्याचा प्रश्न होता, "सात दिवस गप्प बसलो तर ऑफर आपोआप रद्द होईल ना? मग नाही म्हणायची वेळच येणार नाही."

दीड हजाराचं आम्ही अर्धा तास बोललो. दोह्याला सही दिलेली होती, तो फिरणार नाही हे त्याने स्वतःच ठरवलं. पण गप्प बसणं मला पटलं नाही, आणि त्याचं कारण मी पलीकडच्या बाजूने पाहिलेलं आहे.

मी स्वतः माणसं निवडतो तेव्हा यादीत पहिला असतो तसा दुसराही असतो. पहिल्याचं उत्तर येईपर्यंत दुसऱ्याला आम्ही "कळवतो" म्हणून थांबवून ठेवतो. एका वेळी पहिला माणूस आठवडाभर गप्प राहिला आणि तेवढ्यात दुसऱ्याने दुसरीकडे होकार दिला. प्रोजेक्टला माणूस मिळायला पुढे दोन महिने गेले. माणूस भारतातून आणायचा असेल तर आणखी अवघड, कारण त्याच्या व्हिसाची खटपट, डिग्रीचं अटेस्टेशन, मेडिकल अशी साखळी सुरू होते. ती सुरू झाल्यावर आलेला नकार आणि आधी आलेला नकार यांत फार फरक असतो. आधीचा नकार कुणी लक्षात ठेवत नाही.

इथेच असलेल्या माणसाचंही तसंच. २०२० नंतर कतारमध्ये नोकरी बदलायला जुन्या मालकाचं ना-हरकत पत्र लागत नाही, पण नोटीस द्यावीच लागते. नोकरीला दोन वर्षं किंवा कमी झाली असतील तर एक महिना, जास्त असतील तर दोन महिने. नवी कंपनी हे महिने मोजूनच कामाची तारीख ठरवते. तुम्ही आठवडा खाल्लात की त्यांची तारीख आठवडाभर सरकते.

तर त्याने लॅपटॉप उघडला. त्याने आधीच एक मसुदा लिहिला होता, चार परिच्छेदांचा. पहिल्यात कंपनीची स्तुती, दुसऱ्यात मुलाखतीची स्तुती, तिसऱ्यात "काही अपरिहार्य घरगुती कारणांमुळे", आणि नकार थेट चौथ्यात, तोही "सध्या शक्य होईलसे वाटत नाही" असा. मी विचारलं, हे वाचून एचआरच्या बाईंना काय कळेल? तो थोडा हसला. कळणार एवढंच, की याला अजून घासाघीस करायची आहे.

आणि घरगुती कारण तर मुळीच नको. रास लफान केवढं मोठं दिसतं, पण सकाळी सगळ्या कंपन्यांच्या बसेस गेटवरच्या त्याच रांगेत उभ्या असतात. दोह्याच्या कंपनीचंही काम इथल्याच प्लांट्समध्ये चालतं. तीन महिन्यांनी गेट पास गळ्यात घालून हा त्याच मॅनेजरसमोर एखाद्या मीटिंगला बसला, तर घरचं कारण काय झालं म्हणून सांगणार?

मग आम्ही नवीन लिहिलं. मेल अर्थातच इंग्रजीत गेली, तुम्हाला मी मराठीत वाचून दाखवतो. विषयाच्या ओळीत पदाचं नाव, ऑफरचा क्रमांक आणि त्याचं स्वतःचं नाव. नवी मेल न करता ऑफर ज्या मेलने आली तिलाच उत्तर, म्हणजे एचआरला शोधाशोध नको. मजकूर असा:

"आपण पाठवलेल्या ऑफरबद्दल आभार. मी ही ऑफर स्वीकारू शकत नाही. आपलं पत्र येण्याच्या आदल्या दिवशी मी दुसऱ्या एका कंपनीला होकार दिला असून तो शब्द पाळणार आहे. आपल्याला पुढच्या उमेदवाराशी बोलता यावं म्हणून लगेच कळवत आहे. मुलाखतीत जुन्या सर्व्हरवरचा डेटा नव्या प्रणालीत कसा न्यायचा यावर झालेली चर्चा मला खूप उपयोगी वाटली. पुढे कधी आपल्यासोबत काम करण्याची संधी आली तर आनंद होईल."

बस, एवढंच. नकार दुसऱ्याच वाक्यात आहे आणि त्यात "कदाचित" नाही. कारण खरं आहे, पण नव्या कंपनीचं नाव नाही, ते सांगायची गरजही नाही. पगाराचा उल्लेख मुद्दाम टाळला, कारण पगार आला की बोलणी पुन्हा सुरू होतात. आभाराच्या शब्दांपेक्षा सर्व्हरचं वाक्य जास्त कामाचं आहे. ते दुसऱ्या कुठल्या कंपनीला चिकटवता येणार नाही, म्हणून मॅनेजरला ते खरं वाटतं.

माफी मात्र मी काढायला लावली. त्याने तीन वेळा "क्षमस्व" लिहिलं होतं. त्याने चूक काय केली होती? आधी आलेल्या ऑफरला आधी हो म्हणाला, एवढंच.

मॅनेजरने त्याच्या दोन मुलाखती घेतल्या होत्या, म्हणून त्याला आधी फोन करायचं ठरलं. गुरुवारी सकाळी नऊला, कारण दुपारनंतर इथे सगळ्यांचं लक्ष शुक्रवार-शनिवारच्या सुट्टीकडे लागतं आणि मेल रविवारपर्यंत तशीच पडून राहते. फोन दोन मिनिटांचा, लगेच पाठोपाठ मेल. मधे एजन्सी असती तर त्याच सकाळी तिलाही कळवायला लावलं असतं, आणि तिच्याकडे पासपोर्ट दिलेला असता तर तो हातात परत घ्यायला सांगितलं असतं.

अपेक्षेप्रमाणे तासाभरात एचआरचं उत्तर आलं, "आपली अपेक्षा किती आहे ते कळवा." मुलगा पुन्हा माझ्याकडे, या वेळी व्हॉट्सॅपवर. इथेच बरेच जण घसरतात, म्हणजे एक आकडा सांगतात आणि मग तो मिळाला की अडकतात. त्याने एक ओळ लिहिली: "विचारल्याबद्दल आभार, पण हा प्रश्न पगाराचा नाही, मी होकार देऊन बसलो आहे." त्यानंतर एचआर गप्प.

नातं टिकवण्याचं म्हणाल तर "संपर्कात राहू" लिहून ते टिकत नाही. त्याच्या ओळखीची एक मुलगी नोकरी शोधत होती, त्याच कामातली. तिला आधी विचारून, तिच्या परवानगीने, रविवारी त्याने मॅनेजरला तिचा सीव्ही पाठवला. नोकरी मिळेल की नाही हे त्याच्या हातात नव्हतं, आणि तसं त्याने मेलमध्ये म्हटलंही नाही. मॅनेजरचं उत्तर दोन ओळींचं होतं: तिला मंगळवारी बोलावतो, आणि तू दोह्यात रुजू झालास की कळव, आमच्याकडच्या एका कामात तुमच्याच कंपनीशी गाठ पडणार आहे.

मुलगा पुढच्या महिन्यात रुजू होतोय. पेढे काल आले. सांगलीचे नव्हते, दोह्यातलेच होते, पण बरे होते.