किती वेळ लागावा असं आपण धरता?

मागच्या महिन्यात आमच्या बचत गटाची बैठक आटोपली, हप्ते जमा झाले, वहीवर सह्या झाल्या, तरी एक ताई काही उठेनात. मोबाईल हातात धरून बसल्या होत्या. म्हणाल्या, "मॅडम, शाळेच्या ग्रुपवर हे टाकू का, जरा बघा." मी वाचलं. लिहिलं होतं: "सर, एवढा गृहपाठ कोणी देतं का? पोरगी रात्री अकरापर्यंत लिहिते, रडते. तुम्ही वर्गात शिकवत नाही का?"

मी म्हटलं, ताई, आज टाकू नका. रागात लिहिलेलं खोटं असतं असं नाही, पण ह्या तीन ओळींत सरांना उत्तर देता येईल असा एकच प्रश्न आहे आणि तोही टोमणा आहे. ह्या मेसेजचं पुढं काय झालं, तेच आज सांगते. ताईंचं आणि शाळेचं नाव घेत नाही. शाळा आपल्या पाथर्डी तालुक्यातलीच आहे, एवढं पुरे.

त्यांची मुलगी सहावीत. चौथीपर्यंत गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत होती. तिथं एकच बाई सगळे विषय शिकवायच्या. मराठी जास्त दिलं तर गणित कमी द्यायचं, हे त्या एकट्याच ठरवायच्या. पाचवीपासून मुलगी विद्यालयात गेली. तिथं गणिताला वेगळे सर, इंग्रजीला वेगळ्या मॅडम, विज्ञानाला तिसरेच. प्रत्येकजण आपल्या विषयाचा वीस-पंचवीस मिनिटांचा गृहपाठ देतो आणि त्याच्या दृष्टीने तो थोडाच असतो. पण ज्या दिवशी चार जण देतात, त्या दिवशी मुलीला दोन तास बसावं लागतं. ही बेरीज शाळेत कुणाला दिसत नाही. ती घरी दिसते, म्हणजे आईला. त्यामुळे सरांना बोल लावण्याआधी ही बेरीज त्यांच्यापुढं ठेवायला हवी.

म्हणून आम्ही ठरवलं, आधी एक आठवडा मोजायचं. गटाच्या हिशेबाची वही असते ना, तशीच. वार, बसली किती वाजता, उठली किती वाजता, विषय कोणते. मोजताना एक गोष्ट लक्षात आली. गृहपाठ कधी कधी ग्रुपवर येतो आणि फोन असतो वडिलांच्या खिशात. ते आठला घरी येतात. मुलगी सातपासून दप्तर उघडून वाट बघत बसते. तो तास गृहपाठाचा नाही, फोनचा आहे. तो धरला असता तर आकडा फुगला असता आणि सरांनी विचारल्यावर ताई अडचणीत आल्या असत्या. म्हणून पेन हातात आहे तेवढाच वेळ धरायचा, मधलं जेवण वजा करायचं.

सोमवारी एक तास पन्नास मिनिटं झाली. मंगळवारी चाळीस मिनिटं, बुधवारी दोन तास दहा मिनिटं. गुरुवारी सव्वा तास, शुक्रवारी अर्धा तास, आणि शनिवारी रविवारच्या सुट्टीसाठी म्हणून दिलेला दोन तास वीस मिनिटं. बेरीज केली तर पावणेनऊ तास. आता ताई म्हणत होत्या "रोज अकरा वाजतात", तसं नव्हतं. दोन दिवस तर गृहपाठ अगदी बेताचा होता. हे कळल्यावर त्यांचा राग निम्मा उतरला, आणि प्रश्न नेमका झाला: बुधवारी आणि शनिवारी काय होतं?

ह्याबद्दल सरकारी कागद आहे का, हे तुम्ही विचाराल. आहे. केंद्र सरकारच्या शिक्षण मंत्रालयाचं 2020 चं दप्तर धोरण आहे. दप्तराच्या ओझ्याबरोबर त्यात गृहपाठाचंही सांगितलंय. पहिली-दुसरीला गृहपाठ नको. तिसरी ते पाचवीला आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास. सहावी ते आठवीला दिवसाला जास्तीत जास्त एक तास, म्हणजे आठवड्याला पाच-सहा तास. नववीच्या पुढं दिवसाला दोन तासांपर्यंत. ह्या हिशेबाने आमच्या मुलीला तीनेक तास जास्त होत होते. ताईंचे डोळे चमकले. "हेच टाकते ग्रुपवर!" मी नको म्हटलं. नियम पहिल्याच मेसेजला टाकला की समोरचा माणूस उत्तर द्यायचं सोडून स्वतःला वाचवायला लागतो. शिवाय तो कागद मार्गदर्शनाचा आहे, कुणाला दंड करायचा नाही. आपल्याला अंदाज यावा म्हणून तो माहीत असावा, तोंडावर फेकायला नव्हे.

मग मेसेज पुन्हा लिहिला. "रडते" हा शब्द मुलीनेच काढायला लावला. ती म्हणाली, "आई, ग्रुपवर सगळ्या पोरांचे आईबाप आहेत. उद्या वर्गात मला चिडवतील." खरंच आहे. आपण चाळीस घरांत एकदम बोलतोय आणि ते फोन पोरंही बघतात, हे आम्हा दोघींच्या ध्यानात आलं नव्हतं. शेवटी गेलेला मेसेज असा होता:

"नमस्कार सर, मॅडम. मी सहावीतल्या मुलीची आई. मागच्या आठवड्यात मी घरी गृहपाठाची वेळ लिहून ठेवली. मंगळवारी आणि शुक्रवारी अर्ध्या-पाऊण तासात झाला. बुधवारी आणि शनिवारी दोन तासांच्या वर गेला. त्या दिवशी चार विषयांचा होता. सहावीच्या मुलांना एका दिवशी साधारण किती वेळ लागावा असं आपण धरता? जास्त लागत असेल तर घरी आम्ही काय करावं, तेही सांगावं. सवडीने कळवा. धन्यवाद."

यात "जास्त देता" असं कुठं म्हटलेलं नाही. जे बेताचं होतं तेही सांगितलंय, त्यामुळे बाकीच्यावर विश्वास बसतो. आणि प्रश्न असा आहे की त्याचं उत्तर आकड्यात देता येतं. "किती वेळ लागावा असं धरता?" हे शिक्षकाला ठाऊक असतं, कारण देताना त्यानं काहीतरी मनात धरलेलंच असतं. त्यांनी धरलेला वेळ आणि आपल्या घरचा वेळ यात अंतर असेल, तर ते का आहे ह्यावर मग दोघांना मिळून बोलता येतं. मेसेज संध्याकाळी पाचला टाकला, रात्री दहाला नाही. सरांनाही घर आहे, आणि शाळेच्या कामावर कधी जनगणना, कधी मतदार यादी असतेच.

आता गंमत ऐका. सरांच्या आधी पालकच सुटले. एका भाऊंनी लिहिलं, "हो ना, शाळेत शिकवत नाहीत, सगळं घरी ढकलतात." दुसऱ्यांनी लिहिलं, "आमच्या पोराला तर कमीच पडतो, अजून द्या." इथं मेसेज हातातून जातो, मैत्रिणींनो. चांगला प्रश्न विचारला तरी त्याच्यामागं दुसऱ्याचं भांडण येऊन उभं राहतं आणि सरांना वाटतं, हे सगळे मिळून आलेत. ताईंनी मला फोन केला. आम्ही एकच ओळ टाकली: "मला कुणाची चूक काढायची नाही, फक्त वेळ विचारायची आहे. तुमच्याकडे किती वेळ लागतो ते लिहा, म्हणजे सरांना अंदाज येईल." त्यावर तिघींनी वेळ लिहिली. एकीकडे तासच लागत होता, दोघींकडे दीड-पावणेदोन. मग भाऊ गप्प बसले, त्यांनी मोजलंच नव्हतं.

वर्गशिक्षकांचं उत्तर दुसऱ्या दिवशी दुपारी आलं. त्यांनी लिहिलं की ते स्वतः वीस मिनिटांचा देतात, पण बुधवारी चौघांचा एकदम येतो हे त्यांना माहीत नव्हतं. शिवाय विज्ञानाचे प्रश्न वहीत उतरवायची गरज नाही, प्रश्नाचा क्रमांक घालून फक्त उत्तर लिहिलं तरी चालतं, हे मुलांना नीट समजलं नव्हतं. पोरं पानं भरून प्रश्नच उतरवत बसली होती. पुढच्या आठवड्यापासून फळ्याच्या कोपऱ्यात त्या दिवसाचा गृहपाठ विषयवार लिहायला लागले, शेजारी मिनिटं. तिसऱ्या तासाला येणाऱ्या मॅडमना दिसतं की आधीच पन्नास मिनिटं झालीत, तर त्या उद्यावर ढकलतात. फळा लिहून घ्यायचा असल्यामुळे फोनची वाटही बघावी लागत नाही.

तुमच्यातल्या काहीजणी मनात म्हणत असतील, आमच्याकडे कुठं फोन आणि कुठं ग्रुप. आपल्या भागातली कितीतरी घरं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. पोरं आजीकडं नाहीतर हंगामी वसतिगृहात. तिकडं फडावर बसून आईला ग्रुपवर गृहपाठ दिसतो, पण पोरगं किती वेळ बसलं ते दिसत नाही. अशा वेळी आजीला घड्याळ वाचायला लावू नका. "दिवा लावला तेव्हा बसला, माझ्या भाकरी होऊन जेवणं झाली तरी उठला नाही," एवढं आजीने सांगितलं तरी वेळ कळतो. ते मुलाच्या वहीत मागच्या पानावर दोन ओळींत लिहून सरांना दाखवता येतं, किंवा माता पालक गटाच्या बैठकीत सांगता येतं. आणि विचारूनही काही उत्तर आलं नाही, तर आठ दिवसांनी वर्गशिक्षकांना भेटून तोच प्रश्न विचारा. त्यानंतर शाळा व्यवस्थापन समिती आहे. शिक्षण हक्क कायद्यानं तिच्यात तीन चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या बायका. तुमच्या गावच्या समितीत कोण आहे, हे मात्र आधीच माहीत करून घ्या.

ताईंच्या घरी काय झालं तेही सांगते. बुधवार आता सव्वा तासावर आलाय. शनिवार अजून दोन तासांच्या आसपास आहे, कारण रविवारी वेळ असतो म्हणून सगळेच जरा जास्त देतात. तो प्रश्न पुढच्या पालक सभेत विचारायचा ठरलाय. आणि एक गोष्ट मोजल्यामुळेच बाहेर आली. गणिताला बाकीच्या मुलींना वीस मिनिटं लागतात, हिला चाळीस. ते ग्रुपवर कुणी बोललं नाही. गणिताच्या सरांनी ताईंना वेगळा फोन करून सांगितलं की तिचे तेरा ते एकोणीसचे पाढे कच्चे आहेत, म्हणून भागाकारात अडते. ताई स्वतः सातवीपर्यंत शिकलेल्या. आता रोज चूल पेटवताना दोघी मिळून एक पाढा म्हणतात. परवा विचारलं तर म्हणाल्या, "सतराशी गाडी अडलीय, माझीच."