हात बांधण्यापूर्वी

आज एकाच रात्रीबद्दल बोलतो. समजा, चौऱ्याहत्तर वर्षांच्या आजोबांचं खुब्याचं ऑपरेशन झालंय. दुसऱ्या रात्री दोन वाजता ते उठून बसतात, सलाईन ओढतात, लघवीच्या नळीला हिसके देतात, सिस्टरला ढकलतात. घरचे म्हणतात, ‘वात झालाय.’ वॉर्डात सिस्टर एकटी आणि पेशंट पंचवीस. मामा गेजची पट्टी आणतो आणि दोन्ही मनगटं कॉटच्या कठड्याला बांधली जातात.

या अवस्थेला डॉक्टर डिलिरियम म्हणतात. मेंदू काही काळ गोंधळतो आणि त्यामागे बहुधा शरीरातलंच कारण असतं: ऑक्सिजन कमी होणं, जंतुसंसर्ग, रक्तातलं सोडियम किंवा साखर उतरणं, न शमलेल्या वेदना, एखादं औषध, रोज पिणाऱ्याची अचानक सुटलेली दारू. म्हणून पहिला प्रश्न ‘कसं आवरायचं?’ हा नाही. आजोबा काय ओढताहेत आणि का, हा आहे. आपल्या आजोबांच्या पोटावर हात ठेवला असता, तर ओटीपोट टणक लागलं असतं. नळी गुठळीने तुंबली होती. ती मोकळी केल्यावर आठशे मिलिलिटर लघवी आली. शिवाय कानाचं मशीन कपाटात होतं, त्यामुळे सिस्टरचं समजावणं त्यांच्यापर्यंत पोचलंच नव्हतं.

पर्याय इथूनच सुरू होतात. गरज संपलेली नळी काढून टाका. सलाईनची जागा पट्टीने झाकून वर बाहीचा सदरा घाला. जे दिसत नाही ते सहसा ओढलं जात नाही. चष्मा आणि कानाचं मशीन लावा, मंद दिवा ठेवा, कॉट खाली करा. आणि रात्री मुलाला किंवा सुनेला जवळ बसू द्या. भेटीची वेळ संपली म्हणून ओळखीचा चेहरा बाहेर काढायचा आणि मग अनोळखी माणसांनी हात बांधायचे, हे मला मुळीच मान्य नाही. झोपेचं इंजेक्शन देऊन गप्प करणं हेही बांधणंच आहे. त्याने वृद्धांचा श्वास मंदावू शकतो.

तरीही कधी बांधावं लागतं. व्हेंटिलेटरवरचा माणूस घशातली नळी उपटू पाहतोय, ती निघाली तर मिनिटांत जीव जाईल आणि बाकी सगळं करून झालंय, अशा वेळी. पण बांधणं जिवावर बेतू शकतं, हे विसरू नये. 2001 साली तमिळनाडूत एरवाडीच्या मनोरुग्णांच्या आश्रमाला लागलेल्या आगीत साखळदंडांनी जखडलेली अठ्ठावीस माणसं मरण पावली. आज 2017च्या मानसिक आरोग्य कायद्यात साखळीला पूर्ण बंदी आहे. त्याचं कलम 97 सांगतं की तात्काळ इजा टाळण्याचा दुसरा मार्ग नसेल तेव्हाच बांधता येईल, गरजेपेक्षा क्षणभरही जास्त नाही, शिक्षा म्हणून नाही आणि माणसं कमी आहेत म्हणून तर नाहीच. रुग्णाच्या प्रतिनिधीला चोवीस तासांत कळवावं लागतं. हा कायदा मानसिक आजारावरच्या उपचारांसाठी आहे. पण हाडांच्या वॉर्डातही मापदंड हाच असावा.

संमतीचं काय? भरतीच्या वेळी घेतलेली सरसकट सही पुरत नाही. समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2008 साली सांगितलं की निर्णयक्षम सज्ञान रुग्णाच्या जागी नातेवाइकाची संमती चालत नाही. समजत-उमजत सलाईन नाकारणाऱ्याला बांधता येत नाही. त्याचा नकार ऐकावा लागतो. डिलिरियममध्ये निर्णयक्षमता हरवते, तेव्हा जिवावर बेतलं असेल तर थांबायचं नाही. मात्र घरच्यांना लगेच बोलावून कारण सांगायचं. सही मिळाली म्हणून अनावश्यक बांधणं योग्य ठरत नाही.

बांधलेल्या माणसाकडे जास्त लक्ष लागतं, कमी नाही. पट्टा रुंद आणि मऊ हवा, त्याखाली दोन बोटं सरकली पाहिजेत. गाठ एका ओढीत सुटणारी, आणि कठड्याला नव्हे, कॉटच्या सांगाड्याला. कठडा खाली केला की हात पिरगळतो. पालथं कधीच झोपवू नये, श्वास कोंडतो. उताणं सपाट ठेवलं तर उलटी फुप्फुसात जाऊ शकते, म्हणून डोकं उंच. दर पंधरा मिनिटांनी बोटांचा रंग, ऊब आणि श्वास पाहावा. दर दोन तासांनी एकेक हात सोडून हलवावा, पाणी आणि लघवी विचारावी, आणि अजून गरज आहे का ते नव्याने ठरवावं. बोटं गार, निळसर किंवा सुजलेली दिसली, तर पट्टा लगेच सोडायचा.

आता केसपेपर. ‘पेशंट त्रास देत होता, बांधलं’ ही नोंद नव्हे. नोंद अशी हवी: ‘रात्री 2.10. घशातली नळी दोनदा ओढली. ऑक्सिजन, साखर, मूत्राशय तपासलं. मुलगा जवळ बसवला, उपयोग नाही. डॉक्टरांनी पाहून आदेश दिला. 2.25 ला दोन्ही मनगटांना मऊ पट्टे. मुलाला कारण सांगितलं.’ त्याखाली प्रत्येक तपासणीची वेळ आणि सोडल्याची वेळ. आधी काय करून पाहिलं, ही ओळ कोरी राहत असेल, तर पट्टा हातात घेण्याची वेळ अजून आलेली नाही. रुग्ण शुद्धीवर आला की त्यालाही हे सगळं सांगावं. अनेकांना त्या रात्रीचे तुकडे आठवतात आणि आपल्याला कोंडलं होतं असं वाटत राहतं.